पॉलिसी मोडण्याआधीचं पत्र

पैशाची नड आली, हप्ता जड जाऊ लागला किंवा घेतलेली पॉलिसी आपल्या कामाची नाही हे उशिरा उमगलं, की लोक विमा कंपनीच्या शाखेत जाऊन एकच प्रश्न विचारतात: आज मोडली तर किती मिळतील? समोरचा कर्मचारी संगणकात बघून एक रक्कम सांगतो आणि त्या रकमेवर घरात निर्णय होतो. ती आली कशी, त्यात काय धरलं, काय वगळलं, ती किती दिवस टिकेल आणि हातात आल्यावर त्यातली किती प्राप्तिकरात जाईल, यातलं काहीच त्या रकमेवरून कळत नाही. म्हणून विचारायचंच तर ते लेखी विचारावं आणि उत्तरात हिशेब मागावा. पत्राचा मसुदा कसा असावा आणि आलेल्या उत्तराचं काय करावं, याचा इथे आढावा घेतो. मुदतपूर्तीवर पैसे आणि बोनस देणारी साधी एन्डॉवमेंट पॉलिसी डोळ्यांपुढे ठेवली आहे, कारण मराठी घरांत सर्वाधिक आढळते ती हीच, आणि तिचाच हिशेब सर्वांत कमी उघड असतो.

मोडल्यावर मिळणारं हे समर्पण मूल्य ठरतं कसं ते आधी पाहू. पॉलिसी मध्येच सोडणाऱ्याला काही परत मिळालं पाहिजे, हे तत्त्व 1938च्या विमा कायद्यातच आहे. मात्र किती मिळावं याचे किमान दर विमा नियामकाने म्हणजे आयआरडीएआयने वेळोवेळी ठरवले आणि बदलले. 2013च्या नियमांनुसार हप्ते भरण्याची मुदत दहा वर्षं किंवा त्याहून जास्त असलेल्या पॉलिसीला तीन वर्षांचे हप्ते भरल्यावर समर्पण मूल्य मिळायचं. 2019च्या नियमांनी ही अट दोन वर्षांवर आणली. त्याआधीच्या, 2014पूर्वी विकलेल्या अनेक पॉलिसींत हमीचं मूल्य म्हणजे पहिल्या वर्षाचा हप्ता वगळून उरलेल्या हप्त्यांच्या 30 टक्के, असा नियम होता. तेव्हा पहिली गोष्ट ही, की आपल्या पॉलिसीला आजचा नियम लागू नसतो, ती घेतली तेव्हाच्या बॉण्डवर छापलेल्या अटी लागू असतात.

प्रत्येक पॉलिसीत दोन हिशेब समांतर चालतात. एक हमीचा, दुसरा विशेष, आणि यांतला जो जास्त तो ग्राहकाला मिळतो. हमीचं मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या टक्केवारीत असतं. 2019पासूनच्या पॉलिसींत ते दुसऱ्या वर्षी किमान 30 टक्के, तिसऱ्या वर्षी 35, चौथ्या ते सातव्या वर्षापर्यंत 50 आणि शेवटच्या दोन वर्षांत 90 टक्के आहे. त्यात जमा झालेल्या बोनसचा काही हिस्सा मिळवतात. विशेष मूल्याचा पाया वेगळा, तो ‘पेड-अप’ रकमेवर उभा असतो. पुढे एकही हप्ता भरला नाही, तर विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते. तिच्यात जमा बोनस मिळवून जी रक्कम होते, ती मुदत संपल्यावर मिळणार असते. आजच हवी असेल तर कंपनी तिला एका गुणकाने गुणून आजची किंमत काढते. हमीच्या दरांचं कोष्टक बॉण्डमध्ये असतं. विशेष मूल्याचा गुणक मात्र बऱ्याच जुन्या पॉलिसींत छापलेला नसतो, कंपनी तो ठरवते आणि बदलते. पत्राची खरी गरज इथेच निर्माण होते.

2024मध्ये या गुणकावर पहिल्यांदा जाहीर मर्यादा आली. त्या वर्षी जूनमध्ये नियामकाने काढलेल्या मुख्य परिपत्रकानुसार पहिल्या पूर्ण वर्षाचा हप्ता भरला की विशेष मूल्य द्यावं लागतं, आणि ते पेड-अप लाभांच्या आजच्या किमतीपेक्षा कमी असता कामा नये. ही आजची किंमत काढताना दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवरचा परतावा अधिक जास्तीत जास्त अर्धा टक्का एवढाच दर वापरता येतो. 1 ऑक्टोबर 2024पासून विकल्या जाणाऱ्या पॉलिसी या नियमाखाली आल्या. एक वर्षाने बाहेर पडणाऱ्याचं सगळं बुडायचं, ते दिवस निदान नव्या ग्राहकांपुरते संपले. हा बदल फार आधी व्हायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. उदाहरण कल्पित आहे, पण आकडे बाजारात दिसतात तसेच घेतले आहेत. सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने जून 2016मध्ये 5 लाख रुपयांची, 20 वर्षं मुदतीची पॉलिसी घेतली. वार्षिक हप्ता 26,000. जून 2025पर्यंत दहा हप्ते भरून झाले. मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे आहेत, म्हणून डिसेंबर 2025मध्ये त्या पॉलिसी मोडण्याचा विचार करतात.

त्यांच्या बँक पासबुकाप्रमाणे आजवर सुमारे 2,66,100 रुपये गेले आहेत. कंपनीच्या हिशेबात मात्र 2,60,000च धरले जातील. फरक आहे तो हप्त्यावरच्या आधीच्या सेवाकराचा आणि नंतरच्या जीएसटीचा. समर्पण मूल्यासाठी कर, रायडरचा हप्ता आणि आजारपणामुळे लावलेला जादा हप्ता यांतलं काहीच धरत नाहीत. (22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी माफ झाला, पण आधी भरलेला परत येत नाही.) आपला बेरजेचा आकडा आणि कंपनीचा आकडा जुळत नाही तेव्हा बहुतेक वेळा कारण इतकंच असतं.

समजा बॉण्डच्या कोष्टकात दहाव्या वर्षासाठी हमीचा दर 58 टक्के आहे. 2,60,000चे 58 टक्के म्हणजे 1,50,800. बोनस दर हजारी 40 रुपये, म्हणजे वर्षाला 20,000, आणि मार्च 2025पर्यंतच्या नऊ वर्षांचा जाहीर झालेला बोनस 1,80,000. त्याचा 18 टक्के हिस्सा मिळतो असं धरलं तर 32,400. हमीचं एकूण मूल्य 1,83,200 झालं. दुसऱ्या बाजूला पेड-अप विमा रक्कम पाच लाखांच्या निम्मी, म्हणजे 2,50,000, कारण वीसपैकी दहा हप्ते भरलेत. त्यात बोनस मिळवून 4,30,000. विशेष गुणक 0.52 असेल तर आजचं मूल्य 2,23,600. हे जास्त, म्हणून हे मिळेल. भरले त्यापेक्षा 36,400 रुपये कमी.

शाखेत एवढाच शेवटचा आकडा कळला असता तर बाईंना वाटलं असतं, दहा वर्षांत मुद्दलही सुटलं नाही, आता आणखी पैसे कशाला घालायचे? पण हिशेबाचे भाग हातात असले की प्रश्न बदलतो. आज 2,23,600 न घेता पॉलिसी नुसती पेड-अप करून ठेवली, तर जून 2036मध्ये 4,30,000 मिळतील. साडेदहा वर्षांत हा वार्षिक सुमारे 6.4 टक्के परतावा झाला. हप्ते चालू ठेवले आणि बोनसचा दर टिकला, तर 5 लाख आणि 4 लाख बोनस असे 9 लाख मिळतील. पहिल्या दिवसापासून मोजलं तर हा परतावा जेमतेम 5 टक्के आहे. परंतु आजपासून पुढचा हिशेब केला, म्हणजे आजचे 2,23,600 सोडून दिले आणि पुढचे दहा हप्ते भरले असं धरलं, तर तो आठ टक्क्यांच्या जरा खाली येतो. कमिशन आणि सुरुवातीचे खर्च पहिल्या काही वर्षांतच कापले गेलेत, ते नुकसान होऊन गेलेलं आहे. मोडल्याने ते भरून येत नाही. म्हणून ‘पॉलिसी वाईट आहे’ आणि ‘आज मोडणं योग्य आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि आपल्याकडच्या बहुतेक चर्चांत ती एकच समजली जातात याची मला खंत वाटते. अर्थात पुढच्या बोनसची हमी कोणी देत नाही, आणि खरोखर पैशाची निकड असेल तर टक्केवारीचा उपयोग नाही. तेव्हा पॉलिसीवर कर्ज किती मिळेल हेही विचारावं. चालू पॉलिसीवर साधारण समर्पण मूल्याच्या 80 ते 90 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं आणि विमा चालू राहतो, पण व्याज साचत राहिलं तर तेच शेवटी मूल्य खाऊन टाकतं.

वरचा सगळा हिशेब मांडता यायचा तर कंपनीकडून कोणते आकडे यायला हवेत, ते पत्रातून मागायचे. मसुदा असा असावा:

“प्रति, शाखाधिकारी.
विषय: पॉलिसी क्रमांक … च्या समर्पण मूल्याचा तपशीलवार हिशेब व करविषयक माहिती मिळण्याबाबत.

महोदय, वरील पॉलिसी माझ्या नावे असून जून 2025पर्यंतचे सर्व हप्ते भरलेले आहेत. हे पत्र केवळ माहितीसाठी आहे, हा समर्पणाचा अर्ज समजू नये.

कृपया 15 डिसेंबर 2025 या दिनांकाचे समर्पण मूल्य कळवावे व त्यासोबत पुढील तपशील द्यावा. आपल्या नोंदीनुसार जमा झालेले हप्ते, प्रत्येकाच्या दिनांकासह, तसेच कर, रायडर व जादा हप्ता वगळून होणारी बेरीज. जाहीर झालेला एकूण बोनस व तो कोणत्या वर्षापर्यंतचा आहे, आणि चालू वर्षाचा अंतरिम बोनस धरला आहे किंवा नाही. हमी मूल्य व विशेष मूल्य दोन्ही स्वतंत्रपणे, त्यांसाठी वापरलेला दर व गुणक यांसह, आणि हा गुणक कोणत्या दिनांकापर्यंत लागू राहील. कर्ज, व्याज किंवा अन्य वजाती असल्यास त्यांचा स्वतंत्र तपशील. पॉलिसी पेड-अप केल्यास मुदतपूर्तीस व मृत्यू झाल्यास मिळणारी रक्कम. सध्या मिळू शकणारे कर्ज व त्याचा व्याजदर.

कराच्या संदर्भात, ही रक्कम आपल्या नोंदीनुसार आयकर कायद्याच्या कलम 10(10डी) खाली करमुक्त ठरते किंवा नाही, त्यासाठी कोणती विमा रक्कम व कोणता वार्षिक हप्ता धरला, उद्गम करकपात होणार असल्यास कोणत्या रकमेवर व किती दराने, आणि माझा पॅन पॉलिसीशी जोडलेला आहे किंवा नाही, हे कृपया लेखी कळवावे.
आपली विश्वासू, …”

यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य ‘हा समर्पणाचा अर्ज समजू नये’ हे आहे. समर्पण एकदा नोंदलं गेलं की पॉलिसी संपते, आणि पुन्हा घ्यायची तर वाढलेल्या वयाचा हप्ता आणि नवी वैद्यकीय तपासणी. मूळ बॉण्ड, रद्द केलेला धनादेश आणि सही केलेली डिस्चार्ज पावती ही समर्पणाची कागदपत्रं आहेत, माहिती मागण्यासाठी यांतलं काहीही लागत नाही. ‘आधी फॉर्मवर सही करून ठेवा, मग आकडा काढतो’ असं कोणी म्हणालं, मग तो ओळखीचा एजंट असला तरी, सही करू नये. पत्राची पोच शिक्का मारून घ्यावी किंवा नोंदणीकृत ईमेलवरून पाठवावं. दिनांक पत्रात आपणच घालायचा याचंही कारण आहे. हप्ता भरल्यावर, पॉलिसीचं वर्ष पूर्ण झाल्यावर, नवा बोनस जाहीर झाल्यावर मूल्य बदलतं. आपण एक दिवस ठरवून दिला की सगळे आकडे एकाच दिवसाचे येतात आणि त्यांची तुलना होऊ शकते.

उत्तर आल्यावर ताळा घ्यायची रीत सोपी आहे. विशेष मूल्याला पेड-अप रकमेने भागावं. 2,23,600ला 4,30,000ने भागलं की 0.52 येतं, कळवलेल्या गुणकाशी जुळलं की काम झालं. आता समजा त्याच गुणकासह उत्तरात 2,10,600 आले. भागाकार 0.49 येतो, जुळत नाही. चूक शोधायला पेड-अप रक्कम नऊ हप्त्यांची करून पाहावी: पाच लाखांचे नऊ-विसांश म्हणजे 2,25,000, अधिक बोनस 1,80,000, एकूण 4,05,000, आणि त्याच्या 0.52 पट बरोबर 2,10,600. म्हणजे दहावा हप्ता खात्यातून गेला पण पॉलिसीला लागलाच नाही, कुठेतरी अनामत पडून राहिला. ऑनलाइन भरलेल्या किंवा उशिरा पोहोचलेल्या हप्त्यांबाबत असं होतं. 13,000 रुपयांचा हा फरक एका आकड्यातून कधीच दिसला नसता, हप्त्यांची दिनांकवार यादी मागितल्यामुळे तो पहिल्या नजरेत दिसतो. दुसरी नेहमीची जागा बोनसची. वर्ष जून ते मे, आणि बोनस जाहीर होतो मार्चअखेरच्या मूल्यांकनावर, त्यामुळे शेवटच्या वर्षाचा बोनस हिशेबात आला का, हे वेगळं तपासावं लागतं.

आता कर. इथे लोकांची एक ठाम समजूत असते: विम्याचे पैसे करमुक्त. आपल्या शिक्षिकेच्या बाबतीत ती खरी ठरते. 1 एप्रिल 2012पासून घेतलेल्या पॉलिसीचा कोणत्याही वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर समर्पणाची रक्कमही 10(10डी) खाली करमुक्त असते. 5 लाखांचे 10 टक्के 50,000, हप्ता 26,000. दोनपेक्षा जास्त वर्षांचे हप्ते भरलेले असल्याने पूर्वी घेतलेली 80सीची वजावटही उलटत नाही. त्यांना मिळणाऱ्या 2,23,600वर कर शून्य आणि कपातही शून्य.

पण ही दहा टक्क्यांची रेघ पुष्कळ पॉलिसी ओलांडतात आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. 2013च्या नियमांनी 45 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला वार्षिक हप्त्याच्या सातपट विमा रक्कम पुरेशी मानली होती, आणि 2019च्या नियमांनी सातपटीची मुभा सगळ्याच वयांना दिली. सातपट म्हणजे हप्ता विमा रकमेच्या 14 टक्क्यांहून जास्त. विमा नियामकाच्या दृष्टीने अशी पॉलिसी पूर्ण वैध, आयकर खात्याच्या दृष्टीने तिची परतावा रक्कम करपात्र. एकरकमी हप्त्याच्या ज्या योजनांत विमा रक्कम हप्त्याच्या सव्वापट असते, त्यांची तर बातच सोडा. मृत्यूनंतर वारसाला मिळणारी रक्कम मात्र या रेघेपलीकडेही करमुक्तच राहते. 1 एप्रिल 2003 ते 31 मार्च 2012 या काळातल्या पॉलिसींना ही मर्यादा 20 टक्क्यांची आहे, आणि 1 एप्रिल 2023पासूनच्या पॉलिसींना आणखी एक अट लागली आहे: अशा सगळ्या पॉलिसींचा मिळून वार्षिक हप्ता 5 लाखांच्या वर गेला, तर करमाफी जाते.

दुसरं उदाहरण या रेघेपलीकडचं. एका गृहस्थांनी 2018मध्ये, वयाच्या 52व्या वर्षी, दहा वर्षं मुदतीची पॉलिसी घेतली. वार्षिक हप्ता 1 लाख, तो पाच वर्षंच भरायचा, विमा रक्कम 7 लाख. हप्ते भरून झाले, आठव्या वर्षी मोडली आणि 5,60,000 मिळाले. कंपनी कलम 194डीए खाली उत्पन्नाच्या भागावर, म्हणजे मिळालेल्यातून भरलेले 5 लाख वजा जाता उरलेल्या 60,000वर, 2 टक्के दराने 1,200 रुपये कापते. (1 ऑक्टोबर 2024पूर्वी हा दर 5 टक्के होता. वर्षभरातलं एकूण देणं 1 लाखापेक्षा कमी असेल तर कपात होत नाही, आणि पॅन नसेल तर दर 20 टक्के.) गृहस्थ समजतात, कर भरून झाला.

तसं नसतं. अशा पॉलिसीच्या उत्पन्नासाठी 2023च्या वित्त कायद्याने कलम 56मध्ये जी तरतूद आणली, तिची भाषा नीट वाचावी. मिळालेल्या रकमेतून फक्त ते हप्ते वजा करता येतात, ज्यांवर आधी कोणतीही वजावट घेतलेली नाही. या गृहस्थांनी दर वर्षी 80सी खाली 70,000ची वजावट घेतली होती, कारण तिथेही विमा रकमेच्या 10 टक्क्यांचीच मर्यादा आहे. पाच वर्षांचे साडेतीन लाख झाले. भरलेल्या 5 लाखांपैकी वजा करता येतात फक्त दीड लाख. करपात्र उत्पन्न 60,000 नाही, 4,10,000. ते सगळं 20 टक्क्यांच्या टप्प्यात आलं, तर उपकरासह कर 85,280 रुपये, आणि कापला गेला आहे 1,200. उरलेला कर भरायची जबाबदारी त्यांचीच, आणि रकमेची नोंद वार्षिक माहितीपत्रकात गेलेली असल्याने ती नजरेआड राहण्याची शक्यता कमी.

म्हणूनच ‘मला किती कर लागेल’ हा प्रश्न विमा कंपनीला विचारून भागत नाही. कंपनीला हप्ते माहीत असतात, 80सीमध्ये आपण त्यातलं काय घेतलं ते माहीत नसतं. पीएफ आणि गृहकर्जाच्या मुद्दलानेच दीड लाखांची मर्यादा भरत असेल, किंवा नव्या करप्रणालीत गेल्यामुळे वजावट घेतलीच नसेल, तर त्या वर्षीचे हप्ते वजा करता येतात. पत्रातून मागायची ती कंपनीची बाजू, आणि तिच्या शेजारी ठेवायची आपली जुनी विवरणपत्रं, पॉलिसी घेतल्याच्या वर्षापासूनची. पोर्टलवरून ती उतरवून घ्यावीत आणि प्रत्येक वर्षीचा आकडा लिहून काढावा. सल्लागाराकडे न्यायचं तर हे दोन कागद एकत्र न्यावेत.

वर्ष ओलांडायचं की नाही हाही विचार कराचाच भाग आहे. करपात्र रक्कम ज्या आर्थिक वर्षात हाती येते त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळते. मार्चमध्ये निवृत्त होणाऱ्या माणसाने पॉलिसी मार्चऐवजी एप्रिलमध्ये मोडली तर टप्पा खाली येऊ शकतो. एकूण करच शून्य होणार असेल, तर पैसे मिळण्याआधी कंपनीकडे 15जी किंवा साठीपुढच्यांनी 15एच देऊन कपात थांबवता येते. आयकर कायदा 2025 हा 1 एप्रिल 2026पासून लागू होत असल्याने त्यानंतरच्या पत्रांत कलमांचे क्रमांक बदलतात, जसं 80सीच्या जागी 123, मात्र वरच्या तरतुदींचा आशय बव्हंशी तोच राहतो. पत्रात जुना क्रमांक गेला म्हणून उत्तर अडायचं कारण नाही, पण ‘किंवा नव्या कायद्यातील समकक्ष तरतूद’ एवढं जोडावं.

नव्या पॉलिसीधारकांसाठी एक सापळा मुद्दाम सांगतो. विमा नियामकाने एका वर्षानंतर मूल्य द्यायला लावलं, आयकर कायद्याची रेघ मात्र दोन वर्षांवरच आहे. दोन वर्षांचे हप्ते पुरे होण्याआधी पॉलिसी संपवली, तर त्या वर्षी वजावट मिळत नाही आणि आधी घेतलेली वजावट त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते. पहिला हप्ता 50,000 भरून, त्यावर वजावट घेऊन, पंधराव्या महिन्यात मोडणाऱ्याला कंपनी नियमानुसार मूल्य देईल, आणि त्याच वर्षीच्या उत्पन्नात 50,000 परत मिळवावे लागतील. युलिपला हीच रेघ पाच वर्षांची आहे. युलिपचं गणित एरवीही निराळं. पहिल्या पाच वर्षांत सोडली तर रक्कम खंडित पॉलिसींच्या निधीत जाते, तिथे किमान 4 टक्के व्याज मिळतं, आणि पाच वर्षं पुरी झाल्यावरच पैसे हातात येतात. 1 फेब्रुवारी 2021पासूनच्या युलिपांचा वार्षिक हप्ता अडीच लाखांच्या वर असेल तर नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. युलिपधारकाने पत्रात गुणकाऐवजी त्या दिवशीचे युनिट, त्यांचा भाव आणि खंडन शुल्क विचारावं.

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांनी इथे आई-वडिलांच्या आग्रहाखातर घेतलेल्या पॉलिसी बऱ्याच आहेत. अनिवासींना 194डीएचा 2 टक्क्यांचा दर लागू नाही, करपात्र रकमेवर कलम 195 खाली वेगळ्या दराने कपात होते. आणि भारतात 10(10डी)ने मिळालेली माफी दुसरा देश मानेलच असं नाही, अमेरिका मानत नाही. त्यांनी पत्रात आपला निवासी दर्जा स्पष्ट लिहावा आणि पैसे कोणत्या प्रकारच्या खात्यात येतील हेही विचारून घ्यावं.

पत्राला उत्तरच आलं नाही, किंवा ‘मूल्य रु. 2,23,600, आपला विश्वासू’ एवढंच आलं, तर दुसरं पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला जावं, पहिल्याची पोच जोडून. तक्रारीचं निवारण 14 दिवसांत व्हावं असं बंधन आहे. तिथे काही झालं नाही तर नियामकाचं ‘बिमा भरोसा’ पोर्टल किंवा 155255 हा निःशुल्क क्रमांक आहे, आणि त्यापुढे विमा लोकपाल, ज्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत. लोकपालाकडे जायला वकील लागत नाही आणि शुल्कही नाही, मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. तक्रारीत ‘मूल्य कमी दिलं’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘दहा हप्ते भरलेले असताना नऊ धरले, त्यामुळे 13,000 रुपये कमी’ असं लिहिलं, सोबत दहाव्या हप्त्याची पावती जोडली, की वाद त्या एका ओळीपुरता उरतो.